शाळेत मुलाला त्रास होतोय? दाखला मागण्याआधी वही लिहा, कागद गोळा करा

मुलगा सकाळी पोट दुखतं म्हणतो, डबा तसाच परत आणतो. मग एक दिवस कळतं की वरच्या वर्गातली पोरं त्याला मारतात, चिडवतात. बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो दाखला काढून दुसऱ्या शाळेत घालायचा. कधी कधी तोच बरोबरही असतो. पण दाखला निघाला की मुलाचं नाव पटावरून कमी होतं, आणि मग जुनी शाळा त्या पालकाची तक्रार फारशी मनावर घेत नाही.

त्रास नेमका कुठे होतो, हे आधी पाहावं लागतं. समजा, वाडीवरचा सहावीतला मुलगा बाजारगावच्या अनुदानित हायस्कूलला एसटीने जातो. त्याची आई दोन आठवडे रोज संध्याकाळी वहीत तीनच गोष्टी लिहिते : कुठे झालं, किती वाजता, कोण होतं. शाळेच्या बारा दिवसांत सात नोंदी होतात. पाच एसटीतल्या नि स्टँडवरच्या, दोन मधल्या सुट्टीतल्या, वर्गातली एकही नाही. आता याच गावातल्या दुसऱ्या हायस्कूलात त्याला घातलं, तर स्टँड तोच, गाडी तीच आणि पोरंही तीच. इथे मुख्याध्यापकांना नि एसटीच्या आगारप्रमुखांना लेखी कळवणं, काही दिवस मोठ्या माणसाने स्टँडवर थांबणं, हे शाळा बदलण्यापेक्षा जास्त कामाचं.

नोंदी वर्गातल्याच असतील, लेखी सांगूनही पंधरा दिवसांत काही हललं नसेल, किंवा शिक्षकच 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणत असतील, तर मात्र हलवणं बरं. मुलाला काय वाटतं तेही विचारावं. त्याचा एकुलता एक मित्र त्याच शाळेत असतो, आणि हे घरच्यांना ठाऊक नसतं.

जखम असेल किंवा अंगाला नको तिथे हात लावण्याचा प्रकार असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही. लगेच पोलिसांकडे जावं किंवा १०९८ ला फोन करावा. जातीवरून शिवीगाळ असेल तर तेही पोलिसांना सांगायचं.

आता कागद. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे तक्रारीची पोहोच. अर्ज दोन प्रतींत लिहून मुख्याध्यापकांना द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. 'तोंडी सांगितलंय की, बघतो आम्ही' यावर उठून येऊ नये. शाळा अर्ज घेतच नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती ठेवावी. एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, तिथलीही पोहोच घ्यावी.

मार लागला असेल तर ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर त्याच दिवशीचा हवा, आणि 'शाळेत मारहाण झाली' हे डॉक्टरांना सांगून त्यावर लिहून घ्यावं. 'पडला' असं लिहिलं गेलं की पुढे तो कागद उपयोगाचा राहत नाही. मोबाईलवर धमकी आली असेल तर नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. मूळ मेसेज पुसू नये, गावच्या ग्रुपवरही टाकू नये.

हे झाल्यावर दाखल्याचा अर्ज. इथे बरेच पालक सवयीने 'घरगुती कारणास्तव' लिहितात. एका ओळीत सगळी तक्रार पुसली जाते. त्याऐवजी 'अमुक तारखेच्या तक्रारीवर कार्यवाही न झाल्याने' असं सरळ लिहावं. दाखला हातात आल्यावर नाव, जन्मतारीख, जात आणि वर्तणुकीचा शेरा तिथेच उभं राहून वाचावा. पुढे जातीच्या दाखल्याला हाच कागद लागतो. मूळ प्रत नव्या शाळेत देण्याआधी झेरॉक्स काढावी. प्रगतिपत्रकंही सोबत घ्यावीत.

शाळा दाखला अडवते तेव्हा काय? आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ पालकाच्या बाजूने आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. विनाअनुदानित खासगी शाळेत जायचं असेल तर या कलमाचा आधार मिळत नाही. नववी-दहावीलाही हा कायदा नाही. तिथे नव्या शाळेतली जागा पक्की केल्यावरच दाखला मागावा, नाहीतर पोरगं मधल्यामध्ये घरी बसतं.

एक काम मात्र प्रवेशानंतर राहतंच. नव्या शाळेने मुलाचं नाव ऑनलाइन मागवायचं असतं आणि जुन्या शाळेने ते सोडायचं असतं. महिनाभराने नव्या शाळेत जाऊन नाव ऑनलाइन आलं का ते विचारावं. आलं नसेल तर पोहोचेच्या झेरॉक्स घेऊन केंद्रप्रमुखांना भेटावं.