माघार घेतली ती कामामुळे, जातीमुळे नव्हे

एका जर्नलकडून समीक्षणासाठी आलेल्या शोधनिबंधातून आम्ही नुकतीच माघार घेतली. कारण सरळ होते. त्या निबंधाच्या मुळाशी असलेल्या कामात आमचा हात होता. या माघारीवर दोन प्रतिक्रिया आल्या. चळवळीतले मित्र म्हणाले, मुश्किलीने मिळालेली खुर्ची तुम्ही स्वतःहून सोडली. जर्नलच्या संपादकांनी मात्र आमचे आभार मानले आणि आमची 'सामाजिक पार्श्वभूमी' पाहता ही अडचण येणार हे आपल्या आधीच लक्षात यायला हवे होते, यापुढे जातीच्या विषयावरचे निबंध आमच्याकडे पाठवणार नाही, असे कळवले. या दोन्ही प्रतिक्रिया आम्हाला मान्य नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे, आणि तो दूर करणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी घडले काय ते पाहू. निबंधाचा विषय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा होता, एवढेच सांगतो. समीक्षकाने माघार घेतली म्हणून गोपनीयतेचे बंधन सुटत नाही. समीक्षणाची पद्धत दुहेरी गुप्ततेची होती, म्हणजे लेखकाला समीक्षक कोण हे कळत नाही आणि समीक्षकाला लेखक कोण हे कळत नाही. निमंत्रणाच्या मेलमध्ये फक्त शीर्षक आणि सारांश होता. त्यात खटकण्यासारखे काही नव्हते, म्हणून आम्ही होकार दिला. मुदत एकवीस दिवसांची होती.

पूर्ण निबंध उघडला आणि परिशिष्टापाशी आम्ही थांबलो. तिथे जी प्रश्नावली जोडली होती, ती आमच्याच अभ्यासगटाने दोन वर्षांपूर्वी तयार केली होती. काही प्रश्न तर आमच्याच शब्दांत होते. घरोघरी जाऊन फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींचे प्रशिक्षणही आम्ही घेतले होते. नाव झाकले असले तरी लेखक कोणत्या दोन-तीन जणांपैकी असणार हे कळायला वेळ लागला नाही. आपले क्षेत्रच एवढे लहान आहे की दुहेरी गुप्तता बहुधा कागदावरच राहते. प्रश्नावली, तालुक्यांची निवड, आभारांचा मोकळा सोडलेला परिच्छेद, यातून माणूस ओळखू येतो. आणखी एक गोष्ट होती. त्याच माहितीवर आमच्या गटाचा स्वतंत्र अहवाल अजून निघायचा आहे. म्हणजे हा निबंध छापला गेला तर आमच्या कामाला वजन येणार, आणि तो अडला तर आमचा अहवाल पहिला ठरणार. आमचा फायदा दोन्ही बाजूंना होता. अशा माणसाने 'मी तटस्थ राहीन' असे स्वतःला कितीही बजावले तरी त्याचा तराजू कोणत्या बाजूला झुकतो आहे, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

प्रकाशन नीतीबाबत काम करणारी 'कोप' ही आंतरराष्ट्रीय समिती आहे. समीक्षकांसाठीच्या तिच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. लेखक आणि समीक्षक एकाच संस्थेत नोकरीला असतील, किंवा गेल्या तीन वर्षांत त्यांच्यात गुरू-शिष्याचे, निकटच्या सहकाऱ्याचे किंवा एकत्र अनुदान घेतल्याचे नाते असेल, तर समीक्षण स्वीकारू नये. आपण स्वतः तयार करत असलेल्या लेखनासारखाच निबंध आला, तरी स्वीकारू नये. आमच्या बाबतीत सहकार्याचे आणि समांतर लेखनाचे, अशी दोन्ही कारणे लागू होती.

मग नुसते कळवून काम पुढे चालू ठेवता आले नसते का? काही प्रसंगी ते चालते. एखाद्या परिषदेत लेखकासोबत एकाच व्यासपीठावर बसलो असू, किंवा त्याच्या मतांवर पूर्वी टीका केली असेल, तर ते संपादकांना सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. पण ज्या माहितीची उभारणी आपणच केली, तिची विश्वासार्हता आपणच तपासायची, हे कळवल्याने सरळ होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६९चा क्रैपाक खटला याच मुद्द्यावरचा आहे. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर राज्याचे हंगामी मुख्य वनसंरक्षक बसले होते, आणि तेच उमेदवारही होते. स्वतःच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बाजूला झाले. पण ज्यांना मागे टाकून ते त्या पदावर आले होते, त्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा ते हजर होते. त्यांनी आमच्यावर प्रभाव टाकला नाही, असे इतर सदस्यांनी शपथेवर सांगितले. तरीही न्यायालयाने ती निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झाला हे सिद्ध करावे लागत नाही. तो होण्याची वाजवी शक्यता पुरेशी आहे, हे न्यायालयाचे सूत्र. अर्धी माघार ही माघार नसते, हा आम्ही त्यातून घेतलेला धडा.

म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही संपादकांना पत्र लिहिले. एकदा होकार दिल्यावर नुसते बटण दाबून सुटका होत नाही, कारण सांगावे लागते. पत्रात चार गोष्टी होत्या. निबंधातील माहिती गोळा करण्यात आमचा सहभाग होता. त्याच माहितीवर आमचे लेखन चालू आहे. निबंधाची प्रत आम्ही कोणालाही दिलेली नाही आणि आमच्याकडची प्रत काढून टाकली आहे. आणि आम्ही समीक्षण करणार नाही. निबंध चांगला की वाईट, यावर एक शब्दही लिहिला नाही. 'माघार घेतो, पण निबंध उत्तम आहे' असे लिहिणे म्हणजे मागच्या दाराने समीक्षण करणेच आहे. ज्यांच्यावर आमचा तर्क होता त्यांनाही काही कळवले नाही. पत्राची घाई केली तिचे कारण लेखक होता. समीक्षक मुदतीच्या शेवटच्या दिवशी माघार घेतो तेव्हा नवा समीक्षक शोधण्यापासून सगळे पुन्हा सुरू होते. त्यात एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचे महिने जातात, आणि त्याची फेलोशिप काही तेवढे दिवस थांबून राहत नाही.

आता मित्रांच्या आक्षेपाकडे वळू. ते म्हणतात, प्रस्थापित मंडळी वर्षानुवर्षे एकमेकांचे निबंध तपासत आली. गुरू शिष्याचा तपासतो, शिष्य गुरूच्या मित्राचा. तेव्हा हितसंबंध कोणाला आठवले नाहीत. आता हा निबंध अशा माणसाकडे जाईल ज्याने जातीच्या दाखल्यासाठी कधी रांग लावली नाही, की वसतिगृहाची यादी लागण्याची वाट पाहिली नाही.

ही भीती खोटी नाही. पण आमच्या शिफारशीने तो निबंध छापला गेला असता तर काय झाले असते? शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर असे निबंध निवेदनांना जोडले जातात, न्यायालयात दाखवले जातात. समोरचा सरकारी वकील एकच प्रश्न विचारेल: हा निबंध तपासला कोणी? उत्तर 'ज्यांनी माहिती गोळा केली त्यांनीच' असे निघाले, तर त्या घरोघरी भरलेल्या एकेका फॉर्मची किंमत शून्य होईल. ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांचा पक्षपात पचतो. आपल्या माणसाचा पुरावा आपल्याच पक्षपाताने बाद झाला, तर तो पुन्हा उभा राहत नाही.

योग्य समीक्षक मिळावा ही काळजी मात्र रास्त आहे, आणि तिचा मार्ग वेगळा आहे. संपादक बऱ्याचदा पर्यायी नावे मागतात, तशी त्यांनी आमच्याकडेही मागितली. तिथेच मोह होतो. आपण बाहेर पडायचे आणि आपल्याच गटातला माणूस आत बसवायचा, म्हणजे हितसंबंध बाहेर जाऊन पुन्हा आत आले. आम्ही आमच्या गटाबाहेरची माणसे सुचवली. एक सर्वेक्षणाची पद्धत जाणणारी, एक शिष्यवृत्तीच्या प्रशासनावर काम केलेली. त्यांचा निकाल काय लागेल याचा आम्हाला अंदाज नव्हता, आणि तो नसणेच योग्य.

राहिली संपादकांची प्रतिक्रिया. ती जास्त गंभीर आहे, कारण ती सौजन्याच्या भाषेत आली. आम्ही कारण दिले कामाचे, त्यांनी वाचले जातीचे. हितसंबंध म्हणजे विशिष्ट निबंधाशी असलेला विशिष्ट लाभ-हानीचा संबंध. तो तारखेने, कागदाने दाखवता येतो आणि काही वर्षांनी संपतोही. जात तशी नाही. जात हा हितसंबंध मानायचा, तर तो सगळ्यांचाच मानावा लागेल. शिष्यवृत्तीवरच्या निबंधात दलित समीक्षक 'गुंतलेला' आणि ज्याच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापकी आहे तो सवर्ण समीक्षक 'तटस्थ', हा न्याय कोणता? या देशात बिनजातीचा समीक्षक कुठून आणणार?

अमेरिकेत हा प्रश्न १९७५ साली न्यायालयात आला होता. वॉल स्ट्रीटवरच्या एका मोठ्या वकिली फर्मने नोकरी देताना स्त्रियांशी भेदभाव केला, असा खटला होता. तो कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यासमोर आला. त्या अमेरिकेच्या संघीय न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. त्या स्त्री आहेत आणि पूर्वी नागरी हक्कांचे खटले लढवत होत्या, म्हणून त्यांनी बाजूला व्हावे, अशी मागणी झाली. मॉटलींनी ती फेटाळली. लिंग किंवा वंश हेच कारण पुरेसे असेल, तर या न्यायालयातला कोणताच न्यायाधीश हा खटला ऐकू शकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुरुष न्यायाधीशालाही लिंग असते, फक्त ते कोणाच्या डोळ्यांत येत नाही. आपल्याकडे सवर्णांची जात अशीच दिसेनाशी होते.

मतभेद किंवा सहमती हाही हितसंबंध नव्हे. बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३च्या ग्रंथाला त्यांचे लंडनमधील मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. त्यांनी त्यात बाबासाहेबांचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला पटत नसल्याचे नोंदवले आणि तरीही त्यांच्या विचारांतील ताजेपणाची दाद दिली. भूमिका असलेला माणूस प्रामाणिकपणे वाचू शकतो, हे त्यातून दिसते.

आम्ही संपादकांना उलट पत्र लिहून दोन गोष्टी मागितल्या. जर्नलच्या नोंदीत माघारीचे कारण 'माहिती संकलनात सहभाग' असेच लिहावे. आणि जातीवरचे निबंध तपासणाऱ्या सवर्ण समीक्षकांनाही त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीबद्दल विचारले जाते का, ते कळवावे. पहिली दुरुस्ती झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आलेले नाही.

आपल्यातल्या ज्यांना अशी निमंत्रणे येतात त्यांनी म्हणूनच माघारीचे कारण नेमके लिहावे. 'वैयक्तिक कारणास्तव' असे मोघम लिहू नये, कारण मोघम जागेत संपादक आपली जात भरतो. संबंध कामाचा असेल तर त्याच दिवशी उठावे. संबंध फक्त जन्माचा असेल तर खुर्ची सोडू नये.

जय भीम.