पट्टीवरची पाच चिन्हे

तयार कपड्याच्या आतल्या शिवणीत एक चिमुकली पट्टी असते. ती अंगाला टोचते म्हणून कित्येक घरांत पहिल्याच दिवशी कात्रीने उडविली जाते, आणि राहिलीच तर तिच्यावरची चित्रलिपी वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. इंदुरातील आमच्या परिचयाच्या काही भगिनींनी माहेश्वरी कापडाचे कुर्ते शिवून विकावयाचे ठरविले, तेव्हा पहिल्या तीनशे कुर्त्यांच्या पट्टीचा मजकूर तपासून देण्यासाठी त्या आमच्याकडे आल्या. मजकूर शुद्ध करणे सोपे होते. तो खरा आहे की नाही, हे पाहण्यातच पुढचे पंधरा दिवस गेले.

प्रथम ही लिपी वाचू या. चिन्हे पाच, आणि त्यांचा क्रम ठरलेला: पाण्याचा टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळविणे, इस्त्री म्हणजे इस्त्री, आणि वर्तुळ म्हणजे लाँड्रीतील ड्रायक्लीनिंग. चिन्हावर फुली असेल तर ती गोष्ट वर्ज्य. टबातील आकडा पाण्याची उष्णता सांगतो, टबात हात दाखविला असेल तर हातानेच धुवावयाचे, आणि टबाखालची आडवी रेघ यंत्राची घुसळण सौम्य ठेवा असे सुचविते. इस्त्रीतले ठिपके जितके अधिक तितकी ती अधिक तापलेली चालते. चौकोनात वर्तुळ काढलेले पाहून पुष्कळ जण ते धुलाईयंत्र समजतात. वास्तविक ते गरम हवेने कपडे वाळविणाऱ्या यंत्राचे चिन्ह आहे.

व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर ही चिन्हे आज्ञार्थी नाहीत. टबात 40 लिहिले म्हणजे चाळीस अंशांच्या पाण्यातच धुवा असा हुकूम नव्हे. तेथवर चालेल, त्यापुढे नको, अशी ती सीमा आहे. थंड पाण्याने धुणारी गृहिणी पट्टीचा भंग करीत नाही. छापणाऱ्याने मात्र ही सीमा कपड्यातील सर्वांत नाजूक घटक पाहून आखावयाची असते. कारण कुर्ता धुतला जातो तो सगळाच्या सगळा. त्याची किनार काढून वेगळी धुता येत नाही.

आमच्यापुढील कुर्ता गडद डाळिंबी रंगाचा होता. कापडाचा उभा ताणा रेशमाचा, आडवा बाणा सुताचा, किनार जरीची, आत पांढरे सुती अस्तर आणि गळ्याला इस्त्रीने चिकटणारे बकरम. जरही जुन्या चांदीच्या तारेची नव्हे, तर आज सर्रास मिळते ती, धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीची. एका भगिनीने दुसऱ्या कुर्त्याची पट्टी आणून तीच उतरवून घ्यावी असे सुचविले. तिच्यावर टबावर फुली होती आणि वर्तुळ मोकळे होते, म्हणजे केवळ ड्रायक्लीनिंग. असे छापले की आपली जबाबदारी संपली, असा त्यामागचा विचार. आम्हांस तो पटला नाही. चार-सहा वेळा लाँड्रीला देता देता कुर्त्याच्या किमतीइतका खर्च होतो. मग ग्राहक कंटाळून तो घरीच धुतो, कसा धुवावा हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि कुर्ता बिघडतो.

म्हणून प्रयोग केला. कापडाचा आणि अस्तराचा एकेक मोठा तुकडा घेऊन त्यावर उभे-आडवे बरोबर 50 सेंटिमीटर अंतर रंगीत दोऱ्याच्या टाक्यांनी खुणावले. साध्या पाण्यात सौम्य द्रव साबणाने ते तीनदा हातांनी धुतले आणि दर वेळी वाळवून मोजले. माहेश्वरी कापड 49 वर थांबले, म्हणजे शंभरात दोन इतके आटले. अस्तर मात्र साडेसत्तेचाळीसवर आले, शंभरात पाच! असे दोन थर एकत्र शिवले असते तर पहिल्याच धुण्यात अस्तराने बाहेरचे कापड आत ओढले असते आणि घेराला चुण्या पडल्या असत्या. यावर पट्टीत काहीही छापून उपाय नव्हता. सगळे अस्तर बेतण्यापूर्वीच धुऊन आटवून घ्यावे, असे ठरले. त्यात दोन दिवस मोडले, पण हाच निर्णय सर्वांत मोलाचा ठरला.

रंगासाठी डाळिंबी तुकड्याला पांढऱ्या सुती कापडाची चिंधी टाचली. लगेच धुऊन वाळत घातले तेव्हा चिंधी जवळजवळ पांढरीच राहिली. दुसरा तुकडा दोन तास भिजत ठेवला, तर चिंधी गुलाबी झाली. पिळून ओलाच बोळा करून ठेवलेल्या तुकड्याचीही तीच गत. तेव्हा रंग पाण्याला भीत नव्हता, तो ओलसर सहवासाला भीत होता. हे सांगणारे चिन्ह नाही, म्हणून शब्दांचा आधार घेतला: ‘वेगळा धुवा. भिजत ठेवू नका.’ एक नमुना यंत्रात सौम्य फेरीवर घालून पाहिला. किनारीजवळचे सूत सरकले. म्हणून टबात हात आला.

त्रिकोणावर फुली हवी याविषयी वाद नव्हता, तरी खात्रीसाठी एक कतरण बाजारातील क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवली. सकाळी ताणा नाहीसा झाला होता आणि सुती बाणा सुटा तरंगत होता. क्लोरीन रेशीम केवळ पिवळे करीत नाही, विरघळवून टाकते.

खरा वाद इस्त्रीवर झाला. सुताला तीन ठिपके, म्हणजे सुमारे दोनशे अंश, सोसतात. रेशमाला दोन, म्हणजे सुमारे दीडशे. परंतु दोन ठिपक्यांवर जर आक्रसून किनार मुरडली. एका ठिपक्यावर, सुमारे एकशे दहा अंशांवर, ती शाबूत राहिली. पण बाण्याच्या सुतातील सुरकुत्या पुरत्या गेल्या नाहीत. ‘दोन ठिपके छापू आणि जर वगळून फिरवा असे लिहू,’ असे काहींचे म्हणणे. इस्त्रीवाला घाईत ठिपके पाहील, वाक्य वाचणार नाही, हे आमचे म्हणणे. शेवटी एक ठिपका आणि ‘उलट बाजूने’ हे दोन शब्द मान्य झाले. ओला कुर्ता हाताने ताणून, झटकून वाळत घातला तर सुरकुत्या मुळातच कमी पडतात, हेही दिसले.

राहिले वर्तुळ. त्यातील अक्षर कपड्यासाठी नसून लाँड्रीवाल्यासाठी असते. इंग्रजी ‘पी’ पाहून आमचे विद्यार्थी पेट्रोल म्हणतात, पण ते पर्क्लोरोएथिलीनचे चिन्ह. पेट्रोलियमपासून निघणाऱ्या सौम्य द्रावकांचे अक्षर ‘एफ’. ‘पी’ छापले की दोन्ही चालतात असा अर्थ होतो. आमचा नमुना ज्या लाँड्रीत तीनदा गेला तेथे विचारता ते खनिज टर्पेंटाइन वापरतात असे कळले. बकरम सुटले नाही, जरीचा मुलामाही टिकला. पण पारखले गेले ते ‘एफ’. ‘पी’ छापण्याचा अधिकार आम्हांस मिळाला नव्हता. म्हणून ‘एफ’च छापले.

पट्टी अशी झाली: हात असलेला टब; फुलीचा त्रिकोण; दोरीवर सावलीत वाळविण्याचा चौकोन, म्हणजे आत उभी रेघ आणि कोपऱ्यात तिरपी; एका ठिपक्याची इस्त्री; ‘एफ’चे वर्तुळ. यंत्रात वाळविण्याच्या चिन्हावर फुलीही शेजारी आहे. खाली वरील शब्द, मराठीत आणि हिंदीत. छापलेली पट्टीही नमुन्याला शिवून तीनदा धुतली. पहिली शाई फिकट झाल्याने छापणाऱ्याकडून ती बदलून घेतली. मानेऐवजी डाव्या कुशीच्या शिवणीत ती शिवली आहे, म्हणजे कात्री तिच्याकडे वळणार नाही.