पाल पडली, उंदीर फिरला: काय टाकावे, काय ठेवावे?

जेवण निम्म्यावर आले आणि आमटीत डाव फिरवताना तळाशी पाल दिसली, की घरात एकच गोंधळ उडतो. कुणी मुलांना मिठाचे पाणी पाजते, कुणी घशात बोटे घालून उलटी करवते. पाल विषारी असते, हा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात घरातल्या भिंतीवर फिरणाऱ्या पालीत विष नसते. तिच्या आतड्यात व कातडीवर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, खरी भीती त्यांची. आमटी खळखळून उकळली तर हे जंतू मरतात. पण पाल उकळी येण्यापूर्वी पडली की गॅस बंद केल्यावर, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून आमटी टाकूनच द्यावी. पातेले मात्र साबणाने घासून उकळत्या पाण्याने विसळावे आणि खुशाल वापरावे.

ज्यांनी आमटी खाल्ली, त्यांना उलटी करवू नये. मिठाचे पाणी तर लहान मुलांना अपायच करते. लगेच होणारी मळमळ पुष्कळदा किळस आणि भीतीमुळे असते. जंतूंचा त्रास, म्हणजे जुलाब, ताप व पोटात कळा, साधारण सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतो. जुलाब लागल्यास जलसंजीवनी द्यावी. शौचातून रक्त गेले, ताप चढला किंवा रुग्ण तान्हे मूल, गर्भवती वा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे.

उंदराची गोष्ट निराळी. लेंड्या दिसतात, पण वाळलेले मूत्र दिसत नाही. समजा, कपाटात झाकण सैल असलेला कणकेचा डबा आहे, तुरीच्या डाळीची पिशवी कुरतडलेली आहे आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात साखर आहे. कणीक टाकावी. चाळल्याने लेंडी निघते, मूत्र निघत नाही. डाळही, निवडून धुण्याचा मोह झाला तरी, टाकावी. साखर चांगली आहे. फक्त डबा उघडण्यापूर्वी बाहेरून साबणाने धुऊन कोरडा करावा.

कपाटातल्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. धुळीबरोबर जंतू नाकातोंडात जातात. खिडकी उघडावी, हातात रबरी मोजे घालावेत. एक वाटी द्रव ब्लीच नऊ वाट्या पाण्यात मिसळून ते लेंड्यांवर शिंपडावे. पाच मिनिटांनी सारे कागदाने टिपून घ्यावे आणि मग फळी पुसावी.

झुरळे गटारातून थेट ओट्यावर येतात. रात्रभर उघड्या राहिलेल्या भातावर ती फिरली असतील, तर सकाळी फोडणी देऊन तो वाचवता येत नाही. आचेने जंतू मरतात, पण काही जंतूंनी अन्नात सोडलेले विष तापवूनही जात नाही. सालीसकट असलेली केळी किंवा कच्चे बटाटे मात्र धुऊन घेतले की पुरे.