दुसरीचा मेसेज

विवाह संकेतस्थळावरून ओळख झालेल्या दोघींशी बोलणं सुरू असतं आणि ‘आईचं ऑपरेशन नीट झालं ना? रविवारी भेटूच’ हा एकीचा मेसेज दुसरीला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो दोन्हीकडून पुसता येतो, पण पुसल्याची खूण राहतेच. घाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबलं तर तो तिच्याकडे तसाच राहतो. काही सेकंद दिसणारं ‘अनडू’ तेवढ्यात गाठावं. तिनं वाचला असला तरी पुसावा, कारण त्यात परक्या घरचं आजारपण आहे. मग लगेच लिहावं: ‘हा दुसऱ्या मुलीसाठी होता. तिच्याशीही बोलतोय, अजून काही ठरलेलं नाही. सॉरी.’ ‘मित्राला पाठवत होतो’ ही थाप मला अक्षम्य वाटते. पुढे तिचं उत्तर येईपर्यंत खुलाशांची रांग लावू नये.