विनंती-बदली आणि मुदतीची मेख

महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानुसार शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या सामान्यतः वर्षातून एकदाच, एप्रिल वा मे महिन्यात होतात. एरवी बदली करावयाची तर विशेष कारण लेखी नोंदवून वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यावी लागते. आजार मात्र मे महिन्याची वाट पाहत नाही.

समजा, नरखेड तहसील कार्यालयातील एका महिला लिपिकाच्या पतीला नागपुरात आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावे लागते. अर्जाला तिने जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र, उपचारांच्या नोंदी व शिधापत्रिकेची प्रत जोडली. नागपुरातील रिक्त पदही दाखविले. शेवटी सौजन्यापोटी लिहिले : ‘कार्यालयाच्या सोयीनुसार केव्हाही.’ नेमक्या याच शब्दांच्या आधारे अर्ज बासनात जातो! सवलत जरूर द्यावी, पण तिला मर्यादा हवी. बदलीचा आदेश ताबडतोब निघावा. कार्यमुक्ती मात्र जागी दुसरा लिपिक येईपर्यंत, फार तर दोन महिने, लांबली तरी चालेल, असे स्पष्ट लिहावे. आदेश आणि कार्यमुक्ती या भिन्न गोष्टी आहेत, हे साहेबांना पुरते ठाऊक असते. त्यांना नकारच द्यावयाचा असेल तर तो सकारण व लेखी द्यावा. ‘योग्य वेळी विचार होईल’ हा शेरा म्हणजे उत्तर नव्हे. संघटनेच्या कार्यकर्त्याने अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व तारीख तेवढी घेऊन ठेवावी.