हप्ता की भाडे?

लग्न ठरले की मुंबईतील मध्यमवर्गीय घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘भाडे म्हणजे वाया गेलेला पैसा, त्यापेक्षा हप्ता भरा, घर तरी आपले होईल.’ वडीलधाऱ्यांच्या या उपदेशामागे माया आहे. हिशेब मात्र नाही.

एक उदाहरण घ्यावे. पती खाजगी कंपनीत, पत्नी रुग्णालयात परिचारिका. दोघांचे मिळून हाती येणारे वेतन महिना १ लाख ४० हजार. कांदिवलीकडे स्वयंपाकघर आणि दोन खोल्यांची जागा १ कोटीला मिळते असे धरू. तीच जागा भाड्याने २५ हजारांत मिळते. विकत घ्यायची तर २० लाख पदरचे, शिवाय सहा टक्के मुद्रांक शुल्क व नोंदणीचे ३० हजार, म्हणजे २६ लाखांवर रक्कम आधीच हातची जाते. आणि ती बहुधा दोन्हीकडच्या आईवडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून येते. उरलेले ८० लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर हप्ता होतो सुमारे ६९ हजार ४०० रुपये. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यात ५६ हजार ६०० रुपयांहून अधिक निव्वळ व्याज असते. म्हणजे घरमालकाला २५ हजार देणे वाया, आणि सावकाराला त्याच्या दुपटीहून अधिक देणे ही मात्र बचत!

पाच वर्षांनंतरचे चित्र याहून बोलके आहे. तोवर साडेएकेचाळीस लाखांवर हप्ते भरून होतात आणि मुद्दल फिटते जेमतेम साडेनऊ लाख. भाडे दरसाल पाच टक्क्यांनी वाढले तरी याच काळात साडेसोळा लाखांच्या आसपास जाते. दलाली, सामान हलविण्याचा खर्च, सोसायटीची वर्गणी हे सारे दोन्ही बाजूंना मांडले, तर पाचव्या वर्षी ते घर सव्वा कोटीच्या जवळपास विकले गेले तरच खरेदीदार भाडेकरूच्या बरोबरीला येतो. भाडेकरूने शिल्लक रकमेवर व्याज मिळविले असेल, तर ही रेषा आणखी वर सरकते. दहा-पंधरा वर्षे एकाच जागी राहण्याची खात्री असेल तर पारडे फिरू शकते. पण विशी-तिशीतल्या कोणत्या नोकरदाराला आज ती खात्री आहे?

आणि येथे बँकेच्या कागदावर न येणारी एक बाब आहे. हा हप्ता वेतनाच्या निम्मा आहे, आणि तो दोघांच्या वेतनावर बेतलेला आहे. मूल झाले, एकाची नोकरी सुटली, की संसार कोसळतो. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगार संपावर गेले आणि महिनोन्‌महिने वेतनाविना राहिले. गावचा आधार होता, तसाच चाळीच्या खोलीचे भाडे नगण्य होते हाही आधार होता. ज्याला दर महिन्याच्या पाच तारखेला ६९ हजार भरायचे आहेत, तो युनियनच्या सभेला येण्यापूर्वी दहादा विचार करील. त्याला भित्रा म्हणून हिणवणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी त्याचे बँकेचे पासबुक पाहावे.

मग भाड्यानेच राहावे, असे सरळ उत्तर का देता येत नाही? कारण भाडेकरूच्या पायाखाली जमीन नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली; जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळाले, परंतु भाड्यासाठी घरे बांधणे थांबले आणि पागडी बोकाळली. डाव्या चळवळीने ही दुसरी बाजू बरीच वर्षे पाहिली नाही, हे कबूल केले पाहिजे. पुढे १९९९ च्या कायद्याने लंबक दुसऱ्या टोकाला नेला. परवानाधारकाने मुदत संपताच जागा सोडायची, न सोडल्यास दुप्पट आकार भरायचा. मग अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी दलालाची दलाली, आणि जात, धर्म, ताटातले मासे पाहून दिला जाणारा नकार. अशा अस्थैर्याला कंटाळून जोडपी कर्जाकडे ढकलली जातात. ती काही हौसेने घर घेत नाहीत.

तरीही अकरा महिने ही कायद्याची अट नाही, रूढी आहे. तीन वर्षांचा, अगदी साठ महिन्यांपर्यंतचा करारही नोंदविता येतो; त्यात दरसालची भाडेवाढ आणि ठरावीक काळ मालकाने जागा रिकामी करून मागू नये ही अट लिहून घेता येते. करार नोंदविण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. तीन वर्षे टिकणारा असा करार मिळत असेल, तर वर दिलेल्या उदाहरणातील जोडप्याने आज घर घेऊ नये. घ्यायचेच झाले, तर एकाच वेतनातून हप्ता निघेल एवढेच कर्ज काढावे, आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तर मुळीच घेऊ नये. ताबा लांबला की भाडे आणि हप्ता दोन्ही एकदम भरावे लागतात.

वस्तीपातळीवरील पक्षशाखांना येथे काम आहे. दीर्घ मुदतीच्या कराराचा मराठी मसुदा शाखेत ठेवावा, नोंदणीला सोबत जावे, आणि मुदतीआधी सामान बाहेर काढणाऱ्या मालकाच्या दारात चार माणसे उभी करावीत.