पुसून टाक म्हणणाऱ्यांनो

"पुसून टाका न वो ताई ते, लोकं पाहून राह्यले." मुलीच्या आईची ही पहिली विनवणी. मुलगी १९ वर्षांची, तालुक्याच्या गावी खोली करून पोलीस भरतीचा सराव करणारी. कुणीतरी तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खाते उघडले, मैदानावरच्या फोटोतला तिचा चेहरा एका नागड्या देहावर चिकटवला आणि खाली तिचा मोबाइल नंबर लिहिला. रात्रभर फोन वाजत राहिला.

मुलगा गावातलाच असल्याचे दोन दिवसांत कळले. गावची तंटामुक्ती समिती बसली. त्याने माफी मागितली, सगळ्यांदेखत खाते पुसले, 'आपसातील गैरसमज मिटला' असा कागद झाला, सह्या झाल्या, चहाही झाला. मुलीच्या भावाने तिच्या फोनमधले उरलेसुरले सारे पुसले. पाच आठवड्यांनी नवे खाते आले, तेच फोटो घेऊन. या वेळी मुलगा म्हणाला, हे माझे नाही आणि आधीचेही माझे नव्हते, तेव्हा दबावाने कबूल केले. गावाकडे दाखवायला काहीच नव्हते. पुरावा गावानेच मिटवला होता, तोही पंचांच्या साक्षीने.

मैत्रिणींनो, माझा राग त्या मुलावर आहेच, पण हा लेख त्याच्यासाठी नाही. तो 'पुसून टाक' म्हणणाऱ्या सर्वांसाठी आहे, आणि त्यात आपल्या संघटनांतल्याही काही जणी येतात. मुलीची अब्रू वाचवायची म्हणून आपण घाईघाईने जे पुसतो, त्याने वाचतो तो मुलगाच.

पुरावा आणि बाई यांचे नाते या जिल्ह्याला नव्याने शिकवायला नको. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर अत्याचार झाला तो २६ मार्च १९७२ रोजी, तेव्हा हा सारा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. तेव्हा तिच्या शरीरावर पुरावा शोधला गेला, आज तो तिच्या मोबाइलमध्ये शोधला जातो. तिथे तो नसला की 'काही झालेच नाही' म्हणायला सगळे मोकळे.

म्हणून आधी जपायचे, मग हटवायचे. जपायचे म्हणजे फक्त फोटोचा स्क्रीनशॉट नव्हे. खात्यावर दिसणारे नाव कुणीही कधीही बदलतो. पत्त्याच्या ओळीत असते ते खात्याचे नाव आणि पूर्ण लिंक हवी, ती वहीत हाताने उतरवून घ्या, अक्षर न् अक्षर. तारीख आणि वेळ लिहा, शक्य तितकी अचूक. मोबाइल कंपनी इंटरनेटचा एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना देते. नेमकी वेळ नसेल तर पोलिसांना त्या गर्दीतून माणूस निवडता येत नाही. दुसऱ्या फोनने पहिल्याच्या पडद्याचे चित्रीकरण करा, खाते उघडण्यापासून खालपर्यंत. व्हॉट्सॲपवर फोटो आला असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असे चित्र घ्या आणि मूळ संदेश तसाच राहू द्या. मात्र ती चित्रे संघटनेच्या ग्रुपवर टाकू नका. तसे करणे म्हणजे फोटो आपणच पसरवणे. आणि मुलगी १८ वर्षांखालील असेल तर आपल्या फोनमध्ये प्रत ठेवूच नका, लिंक लिहून घ्या आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवा.

आमच्या या मुलीच्या बाबतीत पहिल्या खात्याचा मागमूस राहिला तो केवळ तिच्या खोलीतल्या मैत्रिणीमुळे. तिने घाबरून, कुणाला न सांगता, एक स्क्रीनशॉट ठेवला होता आणि त्यात वर खात्याचे नाव दिसत होते.

आता पोलीस ठाण्याचे. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण चालत नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७८ सांगते की या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. आपल्या दुर्गम भागात कितीतरी उपठाणी आणि मदत केंद्रे उपनिरीक्षक नाहीतर सहायक निरीक्षक चालवतात. तिथे कागद घेतला जातो आणि 'चौकशीवर' पडून राहतो, किंवा तपास तिथलाच अधिकारी करतो आणि आरोपीच्या वकिलाला आयते हत्यार मिळते. म्हणून अर्जातच लिहा की तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावा. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद असेल तेव्हा cybercrime.gov.in वर तक्रार करता येते, पण तिथे Report Anonymously निवडले तर पुढे पाठपुरावा करता येत नाही. Report and Track निवडा.

हटवण्याची मागणी त्याच दिवशी करायची. २०२१ च्या नियमांनी नग्न चित्र किंवा कृत्रिम बदल केलेला फोटो २४ तासांत काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि २०२६ च्या दुरुस्तीने ती मुदत आणखी घटली. ही तक्रार बाईच्या वतीने कुणीही करू शकते. तिला स्वतः ते चित्र पुन्हा पाहायला लावू नका, आपल्यातल्या कुणी बसून करा. काढले म्हणजे पुरावा गेला असेही नाही. काढलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस ठेवायची असते. त्या आत पोलिसांचे पत्र गेले पाहिजे. ते जाणे हीच खरी लढाई आहे, कारण आपल्याकडे सहा महिने कागद टेबलावरून हलत नाही.

कोर्टातली अट आणखी वेगळी. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच, मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केले तर गोष्ट वेगळी. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ मध्ये ते प्रमाणपत्र दोन भागांचे झाले आहे, एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. म्हणून त्या मैत्रिणीचा फोनही जपायचा होता. पोलीस तो जप्त करतील या भीतीने तिने तो विकायला काढला होता! तिचे काय चुकले? त्याच फोनवर तिचे भरतीचे मेसेज येतात, शिष्यवृत्तीचे पैसे कळतात. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय क्रमांक लिहवून घ्या आणि प्रत काढून झाली की फोन सुपूर्दनाम्यावर परत मिळावा असा अर्ज लगेच करा. नाहीतर तक्रार करणाऱ्या मुलीचीच शिक्षा सुरू होते.

दोन्ही खात्यांची तक्रार आता नोंदली गेली आहे. दुसरे खाते बंद झाले. पहिल्या खात्याबाबत कंपनीला पत्र गेले असे ठाण्यात सांगतात. आम्ही जावक क्रमांक मागतो आहोत, तो अजून मिळालेला नाही. त्या खात्याच्या १८० दिवसांपैकी ९४ उरले आहेत.